दोन दिवस मऊ राहिलेले पराठे

लाँड्रीत तिला सगळे नाकमावशी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ती रागवायची नाही. उलट कुणी नुसतं 'मावशी' म्हटलं तर तिला वाटायचं, काहीतरी राहिलं.

कारण नाक होतंच तसं. बाहेरून आलेले कपडे गाठोड्यातून सुटले की आधी तिच्या टेबलावर पडत. ती एकेक उचलायची, नाकाशी न्यायची आणि फेकायची: "घाम. घाम. हळद. हा सिगरेटवाला. ही आजारी माणसाची चादर, वेगळी उकळा. आणि हे काय रे देवा, रॉकेल! ही चिंधी वाळवणखोलीत गेली असती तर उद्या लाँड्रीच्या जागी मैदान दिसलं असतं!" मुकादमबाई तिच्या मागे उभ्या राहून मान डोलवायच्या. मुकादमबाईंना बोलताना मध्येच शिट्टी वाजवल्यासारखा 'श्' काढायची सवय होती. "मावश्शी," त्या म्हणायच्या, "तुमच्या नाकाचा विमाच उतरवायला पाहिजे हं!"

मग जेवणाच्या सुट्टीतही तेच. ज्याच्या त्याच्या डब्याला हे नाक लागायचं. "मावशी, कालची भाजी आहे, चालेल का?" "मावशी, दूध फाटतंय का बघा की." ती डोळे मिटायची, हुंगायची, एक क्षण थांबायची (ह्या थांबण्यात खरी गंमत होती, सगळे श्वास रोखायचे) आणि निकाल द्यायची. "खा." नाहीतर, "टाक." त्यावर अपील नव्हतं.

आणि हे सगळं आता खोटं होतं.

गेल्या थंडीत तिला ताप आला, डोकं जड झालं, आणि ताप उतरला तेव्हा वास गेलेला होता. आधी वाटलं, सर्दी आहे, येईल. मग एके दिवशी दूध उतू जाऊन भांड्याला लागलं, खोलीत धूर झाला, आणि सून धावत आल्यावर तिला कळलं. तेव्हा ती हसून म्हणाली, "अगं, डुलकी लागली होती." वासाचं बोलली नाही. बोलायचं तरी कसं? गुडघे गेलेले. बसून करायचं लाँड्रीत एकच काम होतं, ते नाकाचं. बाकी सगळं उभ्यानं: यंत्र, दोऱ्या, इस्त्र्या. नाक गेलं म्हणजे टेबल गेलं, टेबल गेलं म्हणजे घरी बसा आणि सुनेच्या हातचं खा.

म्हणून तिनं युक्त्या केल्या. कापड हातानं चाचपायचं. तेलकट असलं की बोटांना कळतं. डाग उजेडात धरायचा. आणि डब्यांच्या बाबतीत तर सोपंच होतं: डबा नाकाशी धरायचा आणि डोळ्यांच्या फटीतून समोरच्याचं तोंड बघायचं. ज्याचा डबा असतो त्याला बहुतेक वेळा ठाऊक असतंच. तो नाक मुरडत असेल तर "टाक". तो आशेनं बघत असेल तर "खा". अजून कुणाचं पोट बिघडलं नव्हतं. रात्री मात्र तिला धाकधूक व्हायची. ती कुशीवर वळून स्वतःशीच म्हणायची, उद्या सांगून टाकू. आणि उद्या यायचा, मुकादमबाई 'मावश्शी' म्हणायच्या, आणि सांगणं राहून जायचं.

सून तिथंच घडीच्या टेबलावर होती. पाचवा महिना लागलेला. सासू-सून एकत्र घरून निघायच्या, एकत्र परत यायच्या, आणि वाटेत अख्ख्या लाँड्रीची नक्कल करायच्या. सुनेला मुकादमबाईंची शिट्टी हुबेहूब जमायची. नाकमावशी इतकी हसायची की रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. पण तिची नक्कल सुनेनं कधी केली नव्हती. एकदा तिनं विचारलं, "माझी कर की गं." सून म्हणाली, "तुमची नाही जमत आई. तुम्ही खऱ्या आहात ना." मावशीनं लगेच दुसऱ्याच कुणाचीतरी नक्कल मागितली.

लाँड्रीत एक पंचायती डबा होता. मोठा, स्टीलचा, घट्ट झाकणाचा. ज्याचं उरेल त्यानं त्यात टाकायचं, ज्याच्याकडे नसेल त्यानं त्यातून घ्यायचं, आणि कुणी कुणाला विचारायचं नाही. शनिवारी सकाळी मावशीनं सुनेच्या डोहाळ्यांसाठी म्हणून बटाट्याचे पराठे केले होते, भरपूर. तव्यावरून उतरले तसे वाफेसकट डब्यात कोंबले आणि झाकण दाबलं, कारण त्या घरातला पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम: गरम बंद केले की मऊ राहतात. पण त्या दिवशी एका लॉजच्या दुलयांचा ढीग आला. जेवायला कुणाला वेळ मिळाला नाही, एकेक पराठा हातात धरून सगळ्यांनी उभ्याउभ्या खाल्ला. उरलेले मावशीनं पंचायती डब्यात ठेवले, वर आणखी कुणाच्या दोनचार पोळ्या आल्या, आणि मुकादमबाईंनी डबा उचलून वाळवणखोलीच्या भिंतीशी असलेल्या फळीवर सरकवला. "इथं ऊब असते. सोमवारी ताजेच मिळतील हं."

रविवारी लाँड्री बंद होती, पण वाळवणखोली बंद नव्हती. दुलया वाळायच्या होत्या.

सोमवारी जेवणाची सुट्टी झाली तेव्हा भट्टीवाले काका नेहमीप्रमाणे दारात बसले होते. काकांचं सगळंच उलटं. ते पंचायती डब्यात कधी काही टाकायचे नाहीत, त्यातलं काही खायचे नाहीत. त्यांच्या साध्या पोळ्या गार करून पातळ फडक्यात गुंडाळून दारातल्या खिळ्याला टांगलेल्या असायच्या, वाऱ्यावर. त्याही शनिवारच्याच. काकांनी एक काढली आणि ती वाजली. खरंच वाजली, पुठ्ठ्यासारखी.

"काका, ती खाणार की तिच्यावर सही करणार?" सून म्हणाली.

"हसा, हसा," काका म्हणाले. ते घोगऱ्या आवाजात, प्रत्येक शब्द चावून बोलत. "शिळी आहे. शिळी म्हणजे शिळी. दाताला त्रास, पोटाला नाही." त्यांनी ती उजेडात दोन्ही बाजूंनी बघितली, वास घेतला, तुकडा मोडला, तुकडा कडकन तुटला, आणि तो चहात बुडवला.

इकडे पंचायती डबा उघडला. झाकण सुटताना हलकासा 'फस्' असा आवाज झाला. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब ओघळले. वरच्या पोळ्या ओलसर, खालचे पराठे त्याहून मऊ, एकमेकांना चिकटलेले.

"अगंबाई!" मुकादमबाई म्हणाल्या. "दोन दिवस झाले, आणि बघा, लोण्यासारखे! याला म्हणतात हात. नाहीतर ते काकांचे पत्रे."

"मावशी, निकाल द्या," कुणीतरी ओरडलं.

मावशीनं डबा नाकाशी धरला. डोळे मिटले. नाकात काहीच नाही. रिकाम्या खोलीत डोकावल्यासारखं. तिनं फटीतून तोंडं बघितली: मुकादमबाई आशेनं बघत होत्या, सून तर पोटावर हात ठेवून जीभच फिरवत होती. मावशीच्या मनात काहीतरी हललं. झाकणावरचे थेंब तिला दिसले होते. पण पराठे तिचे स्वतःचे होते, तिच्या हातचे. आपल्या हातच्याला ती सगळ्यांसमोर 'टाक' कसं म्हणणार? आणि का, असं विचारलं तर? "खा," ती म्हणाली. मावशी असताना स्वतः हुंगून बघायची सवय लाँड्रीत कुणाला उरली नव्हती.

लाँड्रीत अन्न गरम करायची पद्धत वेगळी. पराठा स्वच्छ कापडात गुंडाळायचा, फळीवर ठेवायचा आणि वरून तापलेली इस्त्री दाबायची. 'चर्र' असा आवाज आला की झालं. मुकादमबाईंनी आपला आणि सुनेचा असे दोन पराठे इस्त्रीखाली घातले. "जे काय असेल नसेल ते मेलं," त्या म्हणाल्या. कापड उलगडलं तेव्हा पराठे खमंग दिसत होते, कडा थोड्या सोनेरी. चिकटपणा दिसेनासा झाला होता.

मुकादमबाईंनी अख्खा संपवला, बोलता बोलता. सुनेनं अर्धा खाल्ला आणि डोळे विस्फारले.

"आई! किती मस्त आंबट झालाय! लिंबू पिळलंत ना? मला हेच हवं होतं. तुम्हाला न सांगता कळतं बघा."

मावशीच्या हातातला पेला तसाच राहिला.

तिनं लिंबू पिळलं नव्हतं. चिंच नव्हती, दही नव्हतं, आमचूर घरात नव्हतंच. बटाटा, मीठ, मिरची, जिरं. यातलं आंबट काय?

ती उठली. गुडघा कुरकुरला. डब्यातला एक पराठा तिनं उचलला आणि इस्त्री न लावलेला तसाच मधून फाडला. सारण फाटताना त्यातून बारीक, चकचकीत तारा ताणल्या गेल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. त्या तुटल्या नाहीत, लांबत गेल्या.

"थुंक," ती म्हणाली. "थुंक ते. आत्ता."

"काय झालं?"

"थुंक म्हणते ना!" आणि तिनं सुनेच्या हातातला पराठा हिसकावून घेतला. सुनेच्या बोटांना नखं लागली.

सगळी लाँड्री थांबली. सून चिडली होती. सगळ्यांसमोर हातातला घास काढला की माणूस चिडतंच. "आई, तुम्हीच हुंगलात ना आत्ता? तुम्हीच म्हणालात खा."

"मी हुंगलं नाही."

"सगळ्यांनी बघितलं."

"मला वास येत नाही," मावशी म्हणाली.

मुकादमबाई हसल्या. खरोखर, मोठ्यानं. "नाकमावश्शीला वास येत नाही! हा चांगला होता हं."

"येत नाही हो!" मावशी आता किंचाळली. "तापानंतर गेलाय. थंडीपासून. दूध जळलं ते मला कळलं नव्हतं. तुमचं कुणाचंच मी हुंगलेलं नाही, मी तोंडं बघत होते!"

  सुनेनं तोंडातला घास हातात काढला, त्याच्याकडे बघितलं आणि मग सासूकडे. त्या नजरेत राग नव्हता. मावशीला राग चालला असता.

भट्टीवाले काका उठून आले. त्यांनी डब्यात वाकून वास घेतला आणि तोंड मागे घेतलं. "आंबलंय. आणि खाली, तो बघा, हिरवा ठिपकाही आहे." मग त्यांनी ओल्या हातानं मिशी पुसली. "बाई, उबेला बटाटा ठेवतात होय? बटाटा, ओल आणि ऊब. यापेक्षा विष करायचं असेल तर दुकानात जावं लागेल."

"पण इस्त्री मारली होती ना," मुकादमबाई म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजातली शिट्टी गेली होती. "चांगली तापलेली."

 इस्त्रीनं विष जातं का, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

दुपारचं काम सुरू झालं, म्हणजे यंत्रं सुरू झाली. मावशी टेबलाशी बसली आणि कपडे उचलून नुसती खाली ठेवत राहिली. दर थोड्या वेळानं मान वळवून घडीच्या टेबलाकडे बघायची. सून चादरी घडी करत होती. कोपरा, कोपरा, मध्ये, पलट. नीट. हात थरथरत नव्हते. एकदा सुनेनं कपाळ पुसलं आणि मावशी जागेवरून अर्धी उठली. पण वाळवणखोलीच्या शेजारी कोण कपाळ पुसत नाही? ती मनातल्या मनात म्हणत होती: अर्धाच खाल्लाय. अर्ध्यानं काय होतंय? तिचं पोट लोखंडाचं आहे, लहानपणापासून. आणि लगेच दुसरा आवाज: पोटात एकटी ती नाहीये.

चहाच्या वेळी मुकादमबाई उलट्या करायला लागल्या.

आधी त्या नळाशी गेल्या, मग परत आल्या, "काही नाही, काही नाही" म्हणाल्या, आणि वाक्य संपायच्या आत पुन्हा धावल्या. मावशी उभी राहिली. मुकादमबाईंनी अख्खा खाल्ला होता, म्हणजे अर्ध्याला किती वेळ? हा हिशेब तिला येत नव्हता. ती घडीच्या टेबलाशी गेली आणि सुनेचा हात धरला.

"चल. दवाखान्यात."

"मला काही झालेलं नाही."

"चल म्हणते."

"आई, तुम्ही..." सून म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं घडी केलेली चादरच तोंडाशी धरली.

दवाखाना दोन रस्ते सोडून होता. काकांनी कपड्यांची हातगाडी काढली, दोघींना तिच्यावर बसवलं आणि ढकलत नेली. मुकादमबाई बादली मांडीवर धरून बसल्या होत्या. मावशी गाडीची कड धरून शेजारून चालत होती, धावत होती, गुडघे असल्याचं तिला त्या दिवशी आठवलंच नाही.

नर्सबाई तरुण होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, आणि एकाच सुरात बोलणाऱ्या. "काय खाल्लं? कधीचं? किती? ताप आहे? पातळ जुलाब? रक्त?" मावशी सगळं सांगत होती, एकाला चार वाक्यं. गरम बंद केले, उबेला ठेवले, दोन दिवस, बटाट्याचे, इस्त्री केली.

"इस्त्री?" नर्सबाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

"गरम केले. म्हटलं, मरतं ना सगळं."

"जंतू मरतात. त्यांनी आधी सोडलेलं विष नाही मरत. ते तापवलं तरी तसंच राहतं." त्या लिहीत होत्या. "नुसती पोळी कोरडी पडली, वातड झाली, तर ती शिळी. सारणाची, ओली, तार धरलेली, आंबलेली, ती टाकायचीच. ठिपका दिसला तर ठिपका कापून बाकीची खायची नाही, शेजारचीही टाकायची. आणि आंबट वास आला की..."

त्या थांबल्या, कारण मावशीनं मान खाली घातली होती.

मुकादमबाईंना एका खाटेवर, सुनेला दुसऱ्या. सुनेच्या उलट्या थांबत नव्हत्या. पाण्याचा घोट घेतला की तोही परत. हाताला सलाइन लागलं. मावशी खाटेच्या पायाशी उभी राहिली. तिला बसायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ती स्वतःहून बसणार नव्हती. मुलाला निरोप गेला होता, पण तो लांबच्या कामावर होता, यायला रात्र होणार. त्याला काय सांगायचं? तुझ्या आईनं डोळे मिटून 'खा' म्हटलं.

मग डॉक्टरीण आल्या. त्यांनी सुनेच्या पोटावर थंड मलम लावलं आणि एक छोटं यंत्र टेकवलं. यंत्रातून नुसती खरखर आली. त्यांनी ते सरकवलं. खरखर. अजून थोडं खाली. खरखर. मावशीनं दोन्ही हातांनी खाटेचा गज धरला होता. ती प्रार्थना करत नव्हती. नुसतं नाकानं श्वास आत ओढत होती, ओढत होती, जणू कुठूनतरी काहीतरी येईल. मुकादमबाईही बादलीतून तोंड वर काढून बघत होत्या. सून छताकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून कानांकडे पाणी चाललं होतं.

"हलू नका," डॉक्टरीण म्हणाल्या. "बाळ लहान आहे, सापडायला वेळ लागतो."

आणि मग आलं. लहानसं, घाईचं, कुणीतरी चप्पल घालून जिन्यावरून पळतंय असं.

सुनेनं हुंदका दिला. मुकादमबाई "आहे! आहे!" असं ओरडल्या आणि पुन्हा बादलीत गेल्या.

"ठोके चांगले आहेत," डॉक्टरीण म्हणाल्या. "पण उलट्या थांबेपर्यंत इथंच. ताप आला, पोटात कळ आली, तर लगेच हाक मारा. लगेच."

त्या 'लगेच'नं मावशीची भीती गेली नाही, नुसती जागा बदलून बसली. आता ती कपाळावर बसली होती. दर थोड्या वेळानं मावशी सुनेच्या कपाळाला हात लावायची. सून डोळे मिटून होती, हात झटकत नव्हती, धरतही नव्हती.

उन्हं कलली तेव्हा उलट्या थांबल्या. एक चमचा पाणी राहिलं. मग दोन. मग अर्धी वाटी साखर-मिठाचं.

"आई," सून म्हणाली. घसा बसला होता.

"बोल, बाळा."

"रस्त्यानं येताना रोज हसायचात. तेव्हा तरी सांगायचं."

मावशीनं तोंड उघडलं. गुडघे, टेबल, थंडी, ताप, सगळी कारणं रांगेत उभी होती. तिनं एकही पुढे केलं नाही. "हो," ती म्हणाली.

पलीकडच्या खाटेवरून मुकादमबाईंनी कूस बदलली. "मावशी, डबा फळीवर मीच ठेवला होता," त्या हळूच म्हणाल्या. "पण उद्यापासून गाठोडी मीच उघडणार. रॉकेलची एक चिंधी गेली असती ना..."  टेबलाचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मावशीनं विचारलं नाही.

थोड्या वेळानं सून उठून बसली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "मला भूक लागलीय."

एवढं आयुष्य मावशीनं हे वाक्य ऐकून पदर खोचला होता. आज तिच्या अंगावर काटा आला. ती नर्सबाईंकडे गेली आणि शाळेतल्या मुलीसारखी उभी राहिली. "भूक लागलीय म्हणते. काय देऊ?"

"भाताची पेज. पातळ. आत्ता केलेली."

"आत्ता केलेली," मावशी म्हणाली. मग पुन्हा विचारलं, "करून किती वेळ ठेवली तर चालेल?"

"ठेवायचीच कशाला?" नर्सबाई म्हणाल्या. "करा आणि द्या."

दवाखान्याच्या मागे गॅसची शेगडी होती. मावशीनं कोपऱ्यावरच्या दुकानातून तांदूळ आणले, धुतले, परत धुतले, उजेडात धरून बघितले. पेज रटरटली तेव्हा वाफ तिच्या चेहऱ्यावर आली, आणि त्या वाफेत तिच्यासाठी काहीच नव्हतं. तिनं आचेवरची पेज वाटीत ओतली, फुंकर घालत खाटेशी आणली आणि आधी काकांच्या पुढे धरली. काका दाराशी बसून होते, अजून गेले नव्हते.

"बघा हो."

काकांनी वाकून वास घेतला. "तांदूळ," ते म्हणाले. "नुसता तांदूळ."

मग तिनं पहिला चमचा सुनेच्या ओठांशी नेला. सुनेनं गिळला. मावशी तिच्या गळ्याकडे बघत राहिली, तो घास खाली उतरला तरी बघत राहिली, आणि दुसरा चमचा भरायला तिचा हात उठेना.

"भरा की," सून म्हणाली.